टोकाच्या बेडरूममध्ये वाय-फाय पोहोचत नाही: एक्स्टेंडर, मेश की आणखी काही?

प्रश्न: पुण्यात चौथ्या मजल्यावर ३ बीएचके फ्लॅट आहे. फायबरचा २०० एमबीपीएसचा प्लॅन. राऊटर हॉलमध्ये मुख्य दाराशी, चपलांच्या कपाटावर ठेवलाय. हॉलमध्ये स्पीड मस्त येतो. टोकाच्या बेडरूममध्ये बसून मी ऑफिसचं काम करते, तिथे दोन कांड्या दिसतात. मीटिंगमध्ये मला सगळ्यांचं नीट ऐकू येतं, पण माझा आवाज तुटतो अशी तक्रार असते. अँटेना हव्या तशा फिरवून पाहिल्या, फरक नाही. एक्स्टेंडर घेऊ की मेश? बजेट फार नाही.

उत्तर:

तुम्हाला ऐकू येतं आणि तुमचं ऐकू जात नाही, यातच अर्धं निदान आहे. लॅपटॉपवरच्या कांड्या फक्त राऊटरचा आवाज तुमच्यापर्यंत किती पोहोचतो ते दाखवतात. तुमच्या लॅपटॉपचा आवाज राऊटरपर्यंत किती पोहोचतो, हे कुठेच दिसत नाही. राऊटर भिंतीतल्या विजेवर चालतो, त्याला जोरात बोलायला परवडतं. लॅपटॉप आणि फोन बॅटरी जपतात, त्यांचा ट्रान्समीटर बहुतेक वेळा राऊटरपेक्षा कमजोर असतो. सिग्नल काठावर आला की आधी परतीची बाजू तुटते. म्हणून ‘हाय पॉवर’ लिहिलेला महागडा राऊटर आणला तरी तुमच्याकडे कांड्या वाढतील, मीटिंगमधली तक्रार तशीच राहील.

पण काही विकत घेण्याआधी दोष वाय-फायचाच आहे की इंटरनेट कंपनीच्या लाइनचा, ते वेगळं काढा. स्पीड टेस्टमध्ये दोन्ही एकत्र मोजले जातात, त्यामुळे तिथून हे कळत नाही. विंडोज लॅपटॉप असेल तर बेडरूममधल्या टेबलावर बसून कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा:

```
netsh wlan show interfaces
ping -n 100 192.168.1.1
```

दुसऱ्या ओळीत तुमच्या राऊटरचा पत्ता टाकायचा. तो माहीत नसेल तर `ipconfig` चालवून Default Gateway समोर काय आहे ते बघा. हा पिंग घराबाहेर जातच नाही, लॅपटॉप ते राऊटर एवढाच त्याचा प्रवास. राऊटरशेजारी बसून चालवलात तर २ ते ५ मिलिसेकंदांत उत्तरं यायला हवीत, मधूनच एखादं वीस-तीस. बेडरूममध्ये ३, ४, १८०, ७, मग `Request timed out`, मग २४० असं दिसलं तर गुन्हेगार वाय-फाय. आकडे तिथेही स्वच्छ असतील आणि तरी मीटिंग तुटत असेल, तर कंपनीकडे तक्रार नोंदवा. मेश आणून त्यात काडीचाही फरक पडणार नाही.

पहिल्या कमांडमध्ये Signal आणि Channel या दोन ओळी बघायच्या. Signal टक्क्यांत येतो. सिग्नलची ताकद खरं तर डीबीएममध्ये मोजतात. विंडोजच्या हिशेबात १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम आणि शून्य टक्के म्हणजे उणे १००, मधलं सरळ प्रमाणात. म्हणजे ७० टक्क्यांना उणे ६५, ५० टक्क्यांना उणे ७५. मीटिंगसाठी मी उणे ६५ च्या आसपास आग्रह धरतो. उणे ७० ला काम चालतं, पण कोणी दारात उभं राहिलं की डुगडुगतं. उणे ७५ च्या खाली गेलं की तुमच्यासारखी लक्षणं सुरू होतात. डीबीएममध्ये तीनचा फरक म्हणजे शक्ती निम्मी आणि दहाचा फरक म्हणजे दहावा हिस्सा, तेव्हा उणे ६५ आणि उणे ७५ शेजारी-शेजारी दिसले तरी ते जवळ नाहीत. Channel १ ते १३ मधला असेल तर तुम्ही २.४ गिगाहर्ट्झवर आहात, ३६ किंवा वर असेल तर ५ गिगाहर्ट्झवर.

आता घराकडे. एका कागदावर फ्लॅटचा ढोबळ नकाशा काढा आणि राऊटरपासून तुमच्या टेबलापर्यंत पट्टीने सरळ रेघ मारा. अंतर विसरा, रेघ कशाकशातून जाते ते मोजा. आपल्याकडच्या बांधकामात आतली चार इंची विटेची भिंत २.४ वर साधारण चार-पाच डीबी खाते, ५ वर त्याहून जास्त. आरसीसीचा कॉलम किंवा शिअर वॉल आली तर ५ गिगाहर्ट्झ जवळजवळ संपतो. भिंत तिरकी ओलांडली की तीच भिंत जाड होते: ४५ अंशांत सहा इंची भिंतीचे साडेआठ इंच होतात, अजून तिरकं गेलात तर एक फुटाच्या वर. मुख्य दाराशी ठेवलेला राऊटर टोकाच्या बेडरूमकडे बहुतेक भिंतींमधून असाच तिरका बघत असतो.

मात्र खरा खलनायक भिंत नसते, बाथरूम असतं. ३ बीएचकेमध्ये हॉल आणि मागच्या बेडरूम यांच्या मध्ये बहुधा दोन संडास-बाथरूम पाठीला पाठ लावून बसवलेले असतात. त्यात टाइल्स, पाइप, गिझर, माळ्यावरची पाण्याची टाकी आणि आरसा. आरशामागे धातूचा थर असतो, तो लहरी परत फेकतो. पाणी तर २.४ आणि ५ दोन्ही गिळतं. बेडरूमच्या भिंतीला लागून लोखंडी कपाट उभं असेल तर उरलंसुरलं तिथे थांबतं.

ठाण्यातल्या एका घरातली मोजणी सांगतो, कारण नकाशा तुमच्यासारखाच होता. राऊटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, युनिटच्या बंद कप्प्यात. बेडरूममधल्या टेबलावर ५ गिगाहर्ट्झला उणे ७९. रेघ मारली तर ती टीव्हीच्या पाठीमागच्या पत्र्यातून, मग बाथरूमच्या आरशातून आणि मग कपाटाच्या कोपऱ्यातून जात होती. राऊटर आधी नुसता कप्प्याबाहेर काढून युनिटच्या वर ठेवला: उणे ७४. मग लांब वायर तात्पुरती जमिनीवरून ओढून तो पॅसेजच्या तोंडाशी, दाराच्या चौकटीच्या उंचीवर धरून पाहिला: उणे ६३. जागा जेमतेम तीन मीटर सरकली होती. पण आता रेघ बाथरूमला वळसा घालून पॅसेजमधून आणि एका लाकडी फ्लश डोअरमधून जात होती, आणि असलं दार फारसं काही खात नाही. त्या घरात एक्स्टेंडर लागला नाही आणि मेशही नाही.

तुमच्याकडेही पहिला प्रयोग हाच करा. राऊटरला पॅसेजच्या तोंडाशी आणता येतो का? फायबरच्या घरात एक अडचण असते: काचेची वायर जिथे येते तिथेच डबा ठेवला जातो, कारण बसवणाऱ्या माणसाला पुढच्या घरी जायचं असतं. यातून दोन वाटा आहेत. एक, फायबरची लांब पॅच कॉर्ड मागायची आणि डबाच हलवून घ्यायचा. हे कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या. फायबर काटकोनात दुमडली की आत तडा जातो आणि डब्यावर लाल दिवा लागतो. वळण हाताच्या तळव्याएवढं मोठं असलं की चिंता नाही. दुसरी वाट, डबा तिथेच राहू द्यायचा, त्याचं वाय-फाय बंद करायचं आणि त्याच्या लॅन पोर्टमधून वायर काढून चांगल्या जागी आपला राऊटर ठेवायचा.

उंची महत्त्वाची. चपलांच्या कपाटावर म्हणजे कमरेच्या आसपास. त्या पातळीवर सोफा, फ्रिज, डायनिंग टेबल आणि माणसं आडवी येतात. डोक्याच्या वर, पण छतापासून हातभर खाली, ही जागा बरी. आणि राऊटर कपाटाच्या आत, टीव्हीच्या मागे किंवा फिश टँकशेजारी नको. सजावट म्हणून लपवलेला राऊटर मला दर दुसऱ्या घरात सापडतो.

अँटेनाचं प्रकरण तुम्हाला वाटतं तेवढं मोठं नाही, म्हणूनच फिरवून फरक पडला नाही. लोक अँटेनाचं टोक त्या खोलीकडे रोखतात, आणि ते नेमकं उलटं आहे. काडीसारख्या अँटेनातून लहरी बाजूंनी बाहेर पडतात, टोकातून जवळजवळ काहीच नाही. अँटेना ही मेदूवड्याच्या भोकातून उभी घातलेली काडी समजा: वडा म्हणजे सिग्नल, भोक म्हणजे सिग्नल नसलेली जागा. एकाच मजल्यावरच्या घरात सगळ्या अँटेना उभ्या ठेवल्या की वडा जमिनीला समांतर पसरतो, आणि तुम्हाला तेच हवं. दुमजली बंगल्यात किंवा रो-हाऊसमध्ये वरच्या खोलीसाठी एखादी अँटेना आडवी करायची, तीही अशी की तिची बाजू वरच्या खोलीकडे येईल. फोन आपण कधी उभा तर कधी आडवा धरतो, म्हणून दोनांपैकी एक थोडी कलती ठेवली तर कधीकधी दोन-तीन डीबी मिळतात. एवढाच हा खेळ. अँटेना आत असलेला उभा राऊटर मात्र उभाच ठेवा. तो आडवा पाडला की वडाही उभा होतो आणि अर्धा सिग्नल वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना जातो.

फुकटातला आणखी एक उपाय: तुम्ही टोकाच्या खोलीत कोणत्या बँडवर आहात ते ठरवून घ्या. बहुतेक राऊटर दोन्ही बँडना एकच नाव देतात आणि लॅपटॉप मनाला येईल तो पकडतो. काही दिवस नावं वेगळी करून बघा. मीटिंगला तीन-चार एमबीपीएस पुरतात, त्यामुळे त्या खोलीत भिंती जास्त भेदणारा २.४ स्थिर चालत असेल तर ५ चा हट्ट कशाला? अट एकच. सोसायटीत २.४ वर गर्दी भयंकर असते, म्हणून चॅनल १, ६ किंवा ११ यांतला सगळ्यात मोकळा निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० नको. उलट ५ काठावर असेल तर रुंदी ८० वरून ४० करा. कमाल वेग कमी होतो, पण राऊटर कमी गोंगाट ऐकतो आणि तीन डीबी पदरात पडतात. तुमच्या परतीच्या बाजूला हेच हवंय.

एवढं करूनही टेबलावर उणे ७० च्या वर येत नसेल, तरच खरेदी.

आता एक्स्टेंडर की मेश. दुकानात हे दोन वेगळे प्राणी म्हणून विकले जातात, पण वायर न लावता बसवलेला स्वस्तातला दोन बँडचा मेश आणि दोन बँडचा एक्स्टेंडर आतून एकच काम करतात: हवेतून ऐकायचं आणि परत हवेत बोलायचं. एकाच रेडिओवर ऐकणं आणि बोलणं एकाच वेळी होत नाही, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. तुमच्या २०० मधले ६० ते ९० मिळाले तरी समाधान माना. तीन बँडच्या मेशमध्ये डब्यांच्या आपापसातल्या बोलण्यासाठी वेगळा रेडिओ राखून ठेवता येतो, तिथे ही घट कमी होते आणि किंमत वाढते.

मेशचे पैसे खरं तर दुसऱ्या गोष्टीसाठी असतात. तुम्ही फोनवर बोलत हॉलमधून बेडरूममध्ये गेलात की मेश फोनला हळूच सुचवतो, ‘आता त्या डब्याला धर’. साध्या एक्स्टेंडरमध्ये फोन जुन्याला चिकटून राहतो. आयफोन तर सध्याचा सिग्नल उणे ७० च्या खाली गेल्याशिवाय दुसरं काही शोधायलाच निघत नाही. पण तुमची अडचण एका टेबलावर बसलेल्या एका लॅपटॉपची आहे. तो घरभर फिरत नाही. एवढ्यासाठी तीन डब्यांचा मेश म्हणजे पैशांची उधळपट्टी.

एक्स्टेंडर घेतलाच तर दोन बँडचा घ्या. ‘३०० एमबीपीएस’ लिहिलेला एकाच बँडचा सर्वांत स्वस्त असतो आणि तोच सर्वांत जास्त तक्रारी आणतो. दुसरं म्हणजे तो बेडरूममध्ये लावू नका. बहुतेकांचं इथेच चुकतं. जिथे सिग्नल मरतो तिथे लावलेला एक्स्टेंडर मेलेलाच सिग्नल पुन्हा सांगतो. कांड्या पूर्ण दिसतात आणि वेग शून्य. त्याची जागा मध्यावर, जिथे राऊटरचा ५ गिगाहर्ट्झ उणे ६० ते ६५ येतो आणि जिथून बेडरूमचं दार दिसतं. अडचण अशी की आपल्या पॅसेजमध्ये सॉकेट सहसा नसतो, आणि असला तर स्विचबोर्डवर दाराच्या मागे. भिंतीत खुपसायचा एक्स्टेंडर मग सॉकेट सांगेल तिथेच बसतो. खरेदीआधी मोबाइलवर वाय-फाय मोजणारं अॅप घेऊन त्या सॉकेटजवळ उभं राहून आकडा बघा.

माझं खरं उत्तर मात्र तिसरंच आहे: वायर. हॉलपासून बेडरूमपर्यंत एक लॅन केबल पोहोचली तर निम्म्या वेगाचा प्रश्नच मिटतो आणि डबा थेट बेडरूममध्ये ठेवता येतो. केबलला १०० मीटरपर्यंत मुभा आहे, तुम्हाला १५-२० लागेल. जुन्या फ्लॅटमध्ये डिश टीव्हीच्या किंवा टेलिफोनच्या वायरीचा पाइप भिंतीतून प्रत्येक बेडरूमला गेलेला असतो. ती जुनी वायर आता कोणी वापरत नाही. इलेक्ट्रिशियन तिलाच नवी केबल बांधून दुसऱ्या टोकाने ओढून काढतो. विजेच्या वायरींच्या पाइपातून मात्र ती घालू देऊ नका. पाइप नसेल किंवा घर भाड्याचं असेल तर स्कर्टिंगच्या कडेने खिळ्यांच्या क्लिपा किंवा चिकटपट्टीची केसिंग. केबल कॅट ६ आणि शुद्ध तांब्याची मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते, ती तुटते आणि जोड नीट बसत नाही. टोकाला कनेक्टर लावून झाल्यावर लॅपटॉप जोडून लिंक स्पीड १ जीबीपीएस दाखवतोय का ते इलेक्ट्रिशियन जायच्या आत बघा. १०० दाखवत असेल तर आठांपैकी एखादी तार बसलेली नाही, आणि तुमचे २०० तिथेच निम्मे होतील.

लॅपटॉप टेबलावरच असतो, तर केबल सरळ त्यालाच लावा. मीटिंग त्याच दिवशी सुधारेल. खोलीत फोनलाही वाय-फाय हवं असेल तर माळ्यावर टाकलेला जुना दोन बँडचा राऊटर काढा. त्याच्या मेनूमध्ये Access Point असा मोड असेल तर तो निवडला की झालं. नसेल तर हाताने करायचं. आधी तो एकट्या लॅपटॉपला वायरने जोडा. त्याचा स्वतःचा पत्ता बदला: मुख्य राऊटर 192.168.1.1 असेल तर याला त्याच मालिकेतला, पण मुख्य राऊटर इतरांना वाटतो त्या टप्प्याच्या बाहेरचा पत्ता द्या. नव्या पत्त्यावर पुन्हा आत शिरा. वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार मुख्य राऊटरसारखाच ठेवा, पण चॅनल वेगळे. तिकडे २.४ वर १ असेल तर इकडे ११, तिकडे ५ वर ३६ असेल तर इकडे १४९. सगळ्यात शेवटी त्याचा पत्ते वाटणारा DHCP Server बंद करा. हॉलमधून आलेली केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये घाला, WAN रिकामा राहू द्या. केबल WAN मध्ये गेली तर घरात दोन वेगळी जाळी तयार होतात, प्रिंटर दिसेनासा होतो आणि कारण सापडता सापडत नाही.

फोन हॉलच्या राऊटरला चिकटून बसत असेल तर हॉलच्या राऊटरची २.४ ची ट्रान्समिट पॉवर मधल्या पातळीवर आणा. तो हळू बोलला की फोन त्याला लवकर सोडतो.

वायर अजिबात शक्य नाही आणि घरात फिरत बोलणारी माणसं चार आहेत, असं असेल तर मेश घ्या, दोनच डब्यांचा. प्रत्येक डब्यावर गिगाबिट लॅन पोर्ट आहे का ते खोक्यावर वाचून घ्या, म्हणजे पुढे कधी वायर टाकली तर त्यालाच जोडता येईल. दुसऱ्या डब्याची जागा एक्स्टेंडरच्याच नियमाने मध्यावर. कंपनीच्या डब्याचं वाय-फाय बंद करा आणि मेशला AP मोडमध्ये चालवा, नाहीतर दोन राऊटर एकामागोमाग एक बसून ऑफिसच्या व्हीपीएनला त्रास होऊ शकतो.

आणि यातलं काहीही घेतलंत तरी, घरात इन्व्हर्टर असेल तर नवा डबा ज्या सॉकेटमध्ये लावणार तो इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का ते विचारून घ्या. वीज गेल्यावर हॉलमधला राऊटर चालू राहतो आणि पॅसेजमधला एक्स्टेंडर बंद पडतो. इन्व्हर्टर नसेल तर राऊटरच्या १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसचा विचार करा, मात्र घेताना अडॅप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा जुळवून घ्या, आणि दोन डबे असतील तर दोन्हींना हवा.